कंबर दुखते आणि लघवी तुंबते तेव्हा

कंबरदुखी हा आपल्याकडे इतका घरोघरचा आजार आहे, की तिला कोणी आजार म्हणतच नाही. पाठीत उसण भरली, गादी सरकली, मणक्यात गॅप आला, शीर दबली असे शब्द ओट्यावरच्या गप्पांत सहज येतात. उपायही ठरलेले असतात: शेक, मलम, पट्टा, दोन इंजेक्शनं आणि आठवडाभर आराम. बहुतेक वेळा एवढं पुरतंही. पण कंबरदुखीचा एक विरळा प्रकार असा आहे, की त्यात आठवडाभर थांबणं म्हणजे लघवी-शौचावरचा ताबा कायमचा घालवून बसणं. त्याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. ज्यांच्या सरकलेल्या गादीवर शस्त्रक्रिया करावी लागते अशा शंभर रुग्णांत साधारण दोघा-तिघांना तो आढळतो. त्यामुळे गावातल्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असे एक-दोनच रुग्ण दिसतात आणि तो नजरेतून सुटतो तोही याच कारणाने.

एक उदाहरण घेऊ. हा माणूस कोणी एक खरा रुग्ण नाही, पण या आजारात गाठलेल्या अनेकांच्या हकिकतींचा क्रम थोड्याफार फरकाने असाच असतो.

मंगळवार ते शुक्रवार

वय चाळिशीच्या आसपास, काम ट्रॅक्टर चालवण्याचं. वर्षभर अधूनमधून उजव्या पायात कळ जायची. डॉक्टरांनी सायटिका आहे म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी खताची गोणी उचलताना कमरेत सणक आली आणि त्याला सरळ उभं राहता येईना. रात्री घरच्यांनी शेकलं. बुधवारी सकाळी उसण उतरावी म्हणून पायाळू बाईचा पाय पाठीला लावून घेतला, दुपारी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. बुधवारी रात्री कळ डाव्या पायातही उतरली. आजवर एकाच पायात जाणारी वेदना आता दोन्ही पायांत होती, पण दुखणं वाढलं एवढाच अर्थ सगळ्यांनी घेतला.

गुरुवारी सकाळी दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. लघवीला बसल्यावर ती सुरू व्हायला बराच वेळ लागला, कुंथावं लागलं आणि धार बारीक आली. शौचानंतर धुताना हाताला पाण्याचा गारवा लागत होता, पण जिथे पाणी पडत होतं त्या जागेला काहीच कळत नव्हतं. त्याने हे बायकोलाही सांगितलं नाही. दुपारपर्यंत तीन तांबे पाणी पोटात गेलं होतं, तरी लघवीची भावना झाली नाही. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण न झालेली भावना लक्षात येत नसते.

शुक्रवारी सकाळी पायांतली कळ बरीच कमी झाली होती. औषधाला गुण आला म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी मात्र नकळत लेंगा ओला झाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा. संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी नेल्यावर डॉक्टरांनी लघवीची नळी घातली, तेव्हा एकाच वेळी ९०० मिलिलिटर लघवी निघाली. निरोगी माणसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरला राहवत नाही. याच्या मूत्राशयात त्याच्या जवळपास दुप्पट साठा होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

या हकिकतीत चार दिवसांचा प्रत्येक टप्पा महत्त्वाचा आहे. तो का, हे कळायला कमरेच्या मणक्यांच्या आत डोकवावं लागेल.

मधोमध बसलेला घाव

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या तळापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली, कण्याच्या पोकळीत, पाण्यासारख्या द्रवात मज्जातंतूंचा जुडगा लोंबत असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला कॉडा इक्वायना हे लॅटिन नाव दिलं. यातला एकेक तंतू आपापल्या मणक्यापाशी बाजूला वळून बाहेर पडतो. वरचे तंतू मांडी, पोटरी आणि पावलाकडे जातात. सगळ्यात खालचे, म्हणजे माकडहाडाच्या वर असणाऱ्या त्रिकास्थीतून बाहेर पडणारे दुसरा, तिसरा आणि चौथा तंतू, मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियांकडे जातात. त्यांना सर्वांत लांबचा पल्ला गाठायचा असल्यामुळे ते जुडग्याच्या मधल्या भागातून खाली उतरतात.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीचं बाहेरचं कडं चिवट असतं आणि आत मऊ गर असतो. कडं फाटलं की गर मागे सरकतो. गादीच्या मागे मधोमध एक मजबूत अस्थिबंध असल्यामुळे तो सहसा एका बाजूने वाट काढतो आणि एखाद्याच तंतूवर दाबतो. म्हणून नेहमीची सायटिका एका पायात असते. कधीतरी मात्र मोठा तुकडा थेट मध्यभागी घुसतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये किंवा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामध्ये होतं. पोकळीतली जागा आधीच मोजकी असते. तुकडा आला की सगळा जुडगा मागच्या हाडावर दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठा अडतो, तंतू सुजतात आणि सूज आणखी जागा खाते. आपल्या ट्रॅक्टरवाल्याच्या दोन्ही पायांत कळ गेली ती याच वेळी.

अशा दाबाला गादी हे सर्वांत नेहमीचं कारण असलं तरी ते एकमेव नाही. कर्करोगाची गाठ, मणक्याचा क्षय, पू साचणं, अपघातात मोडलेला मणका, कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर आत साचलेलं रक्त यांनीही हेच घडू शकतं.

यातून एक गोष्ट निघते, जी अनेकांना फसवते. पायांकडे जाणारे तंतू कडेने जातात आणि लघवीचे मधून जातात. त्यामुळे पायांची ताकद बऱ्यापैकी शाबूत असतानाही लघवीचे तंतू चिरडलेले असू शकतात. “चालत आलाय, म्हणजे काळजीचं काही नाही” हा निष्कर्ष या आजारात चुकीचा ठरतो.

वेदना गेली म्हणजे बरं वाटलं असं नाही

मूत्राशय भरत आलं की त्याची वर्दी हेच खालचे तंतू वर नेतात, आणि मूत्राशयाच्या स्नायूला आवळण्याचा हुकूमही तेच खाली आणतात. दाब येऊ लागला की आधी या कामात अडखळ येते. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार मंदावते, झाल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, लघवी जाताना ती जातेय ही संवेदना पुसट होते आणि लघवीची घाई वाटेनाशी होते. या टप्प्यावर माणूस लघवी करू शकतो, फक्त ती पूर्वीसारखी होत नाही. डॉक्टर याला अपुरा कॉडा इक्वायना म्हणतात.

दाब तसाच राहिला तर पुढचा टप्पा येतो. मूत्राशयाचा स्नायू लुळा पडतो, लघवी तुंबते, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीसारखी ती थेंब-थेंब बाहेर सांडू लागते. घरच्यांना वाटतं लघवी सुटतेय. खरं तर ती अडकलेली असते. शुक्रवारी लेंगा ओला झाला तो असा. हा कॉडा इक्वायनाचा पूर्ण, म्हणजे लघवी तुंबल्याचा टप्पा.

याच तंतूंवर त्वचेचा एक ठरावीक पट्टा अवलंबून असतो: गुदद्वाराभोवतीचा भाग, जननेंद्रियं, नितंबांचा आतला भाग आणि मांड्यांची आतली वरची बाजू. सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तोच साधारण हा पट्टा. इथे मुंग्या येणं, जड वाटणं किंवा स्पर्श न कळणं ही या आजाराची ठळक खूण आहे. आपल्याकडे ती सर्वांत आधी कळते ती शौचानंतर धुताना. कागद वापरणाऱ्यांना पुसताना कळते, इतरांना खुर्चीत बसल्यावर एक बाजू बधिर वाटते. शौचाला झालेलं न कळणं, वायू अडवता न येणं, पुरुषांत ताठरता न येणं, स्त्री-पुरुष दोघांतही संभोगाच्या वेळी स्पर्श न जाणवणं या तक्रारीही त्याच तंतूंच्या आहेत.

पायांतली कळ अचानक ओसरणं ही यातली सर्वांत दगाबाज गोष्ट. दबलेला तंतू आधी ओरडतो, आणि पार चिरडला की गप्प होतो. वेदना कमी झाली आणि सोबत बधिरपणा वाढला, तर तो गुण नसून घसरण असते.

डॉक्टर काय पाहतात

अशा रुग्णाला तपासताना पहिलं हत्यार म्हणजे प्रश्न. लघवीची भावना होते का? शेवटची लघवी कधी झाली? धुताना स्पर्श कळतो का? दोन्ही पायांत कळ आहे का? हे प्रश्न नेमके विचारले नाहीत तर रुग्ण आपणहून सांगत नाही, आणि दवाखान्यात चार माणसांसमोर तर मुळीच नाही. म्हणून पडदा ओढून किंवा नातेवाइकांना बाहेर पाठवून ते विचारावे लागतात.

त्यानंतर टाचणीच्या टोकाने गुदद्वाराभोवतीची संवेदना दोन्ही बाजूंनी तपासतात आणि बोटाने गुदद्वाराच्या स्नायूची पकड पाहतात. पकडीवरून केलेला अंदाज वेगवेगळ्या डॉक्टरांच्या बोटाला वेगवेगळा लागतो, त्यामुळे एकट्या त्या तपासणीवर विसंबत नाहीत. जास्त भरवशाची गोष्ट म्हणजे लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीवर मोजणं. साध्या यंत्रावर हे पाच मिनिटांचं काम आहे. २०० मिलिलिटरहून जास्त उरत असेल तर संशय बळावतो. त्याहून कमी असेल तर धोका कमी होतो, पण संपत नाही; सुरुवातीच्या टप्प्यात आकडा फसवू शकतो.

कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी खूप असतात. ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक किंवा शिरेच्या दुखण्यावर दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन यांनीही लघवी अडखळते. पन्नाशीपुढच्या पुरुषात प्रोस्टेट, स्त्रियांत लघवीचा संसर्ग, बाळंतपणानंतर टाक्यांजवळचा बधिरपणा अशी दुसरी कारणं समोर असतात. त्यातलं कोणतंही कारण गृहीत धरून गप्प बसण्यात धोका आहे. खरं काय ते हाताने तपासून कळत नाही, ते दाखवतो एमआरआय. संशयावरून केलेल्या बहुतेक एमआरआयमध्ये हा आजार सापडत नाही, हे तज्ज्ञ जाणून असतात आणि तरीही तो करायला सांगतात. एक एमआरआय वाया जाणं आणि एक माणूस आयुष्यभर नळीवर राहणं यांचा हिशोब सोपा आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यपद्धतीनुसार असा संशय आला की एमआरआय मागितल्यापासून चार तासांच्या आत तो व्हायला हवा. पेसमेकर वगैरे कारणाने एमआरआय शक्य नसेल तर सीटी स्कॅनचा मार्ग असतो.

साध्या एक्स-रेत गादी आणि मज्जातंतू दिसत नाहीत. “एक्स-रे नॉर्मल आहे” या वाक्यावर समाधान मानून घरी परतलेले रुग्ण उशिरा येणाऱ्यांत हमखास असतात.

शस्त्रक्रिया आणि घड्याळ

यावर औषध नाही, पट्टा नाही, ट्रॅक्शन नाही. गादीच्या तुकड्याने जुडगा दाबला असेल तर तो तुकडा बाहेर काढावा लागतो. रुग्णाला भूल देऊन पालथं झोपवतात, पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेतात, मणक्याच्या मागच्या हाडाच्या कमानीचा काही भाग काढून पोकळी उघडतात, तंतूंचं आवरण हलकेच बाजूला सारतात आणि मागे सरकलेला गर काढून घेतात. मणक्याची शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रोजच्या कामातलीच ही शस्त्रक्रिया आहे. अवघड असतं ते तिच्या वेळेचं गणित.

२००० साली ३२२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या एका विश्लेषणात, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रकृती नंतर झालेल्यांपेक्षा चांगली सुधारल्याचं आढळलं. तेव्हापासून ४८ तास हा आकडा पाठ झाला. पण नंतरच्या अभ्यासकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून इशारा दिला, की याला सुरक्षित मुदत समजू नये. तंतूंची हानी अठ्ठेचाळिसाव्या तासाला एकदम होत नाही, ती तासागणिक वाढत जाते. शिवाय घड्याळ नेमकं कधी सुरू झालं हेच अनेकदा ठरवता येत नाही.

घड्याळापेक्षा महत्त्वाचा असतो टप्पा. शस्त्रक्रियेच्या वेळी लघवी अडखळत का होईना होत असेल, तर मूत्राशय कामाला लागण्याची शक्यता चांगली असते. लघवी तुंबून बधिरपणा पूर्ण झाल्यावर गेलेल्यांपैकी अनेकांना काही ना काही कायमचं गमवावं लागतं. तरीही अशा रुग्णाला नाकारत नाहीत, कारण उशिरा का होईना दाब काढल्यावर काहींना गुण येतो. ट्रॅक्टरवाल्याच्या बाबतीत सांगायचं तर बुधवारी रात्री दोन्ही पायांत कळ आली तेव्हा त्याला सावध करायला हवं होतं, आणि गुरुवारी सकाळी तर एमआरआयच्या टेबलावर असायला हवं होतं. तेव्हा तो पहिल्या टप्प्यात होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्यात गेला.

शस्त्रक्रियेनंतर पायांतल्या वेदना लवकर कमी होतात. ताकद यायला आठवडे लागतात. मूत्राशयाची सुधारणा सर्वांत संथ असते. ती वर्ष-दोन वर्षंही थोडी थोडी होत राहते. तोपर्यंत, किंवा कधीकधी कायमची, दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकावं लागतं. वेळेवर असं रिकामं केलं तर मूत्रपिंडं वाचतात. शौचासाठी ठरावीक वेळ, आहार आणि औषधांची घडी बसवावी लागते. लैंगिक अडचणींबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण बोलत नाहीत. त्यावरही उपचार आहेत, तेव्हा विषय रुग्णाने काढला तरी चालेल.

काय करायचं

कंबर दुखतेय एवढ्यानेच घाबरायचं कारण नाही. पण कमरेच्या दुखण्यासोबत पुढच्यापैकी एखादी गोष्ट नव्याने सुरू झाली, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायला हवं:

- कळ दोन्ही पायांत जाऊ लागली, किंवा पायांतली ताकद कमी होत चालली;
- लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार मंद झाली, भावनाच होत नाही किंवा नकळत गळते;
- शौचाच्या जागी, जननेंद्रियांपाशी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला;
- शौचावर ताबा राहत नाही, किंवा संभोगाच्या वेळी स्पर्श जाणवत नाही.

लघवी पूर्ण बंद व्हायची वाट पाहू नका. तोवर पहिली संधी गेलेली असते. पाठीवर मालिश, हाडवैद्याकडून मणका बसवणं, पायाळूचा पाय हे सगळं अशा वेळी टाळा, त्याने तुकडा आणखी आत ढकलला जाऊ शकतो. जवळ गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. निघताना भरपेट जेवू नका, कारण काही तासांत भूल द्यावी लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत घ्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी देताना “कंबरदुखी” एवढंच न लिहिता लघवी आणि बधिरपणाचा उल्लेख केला, तर तिथला वेळ वाचतो.

आणि दारात पोचल्यावर “कंबर दुखतेय” असं म्हणून रांगेत बसू नका. कंबर दुखणारे तिथे रोज शंभर येतात. “कालपासून लघवी नीट होत नाही, आणि खालची जागा बधिर झाली आहे” हे वाक्य न लाजता, सगळ्यात आधी सांगा. त्या दोन तक्रारी एकत्र ऐकल्या की डॉक्टरला काय करायचं ते कळतं.